स्नेही, सोबती, जिवलग: कोणाला काय म्हणावं

तुम्ही विचारलंत: “बडोद्यात बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या शाळेतल्या, बँकेतल्या, फिरायच्या आणि सोसायटीतल्या मित्रांची मराठीतून ओळख करून द्यायची आहे; त्यात वर्गातल्या एक बाईही आहेत. सगळ्यांना सरसकट ‘मित्र’च म्हणू का?”

आधी एक शब्द यादीतून खोडा: भाऊबंद. बडोद्यात दिवसभर कानावर गुजराती ‘भाईबंध’ पडतो आणि त्याचा अर्थ दोस्त, म्हणून बोलण्याच्या ओघात त्याचं मराठी रूप तोंडी येतं. पण मराठीत भाऊबंद म्हणजे एका कुळातले, वाडवडिलांच्या जमिनीत हिस्सा असलेले लोक आणि भाऊबंदकी म्हणजे त्या हिश्श्यावरून होणारी भांडणं. पुण्याहून आलेले पाहुणे ‘हे बाबांचे भाऊबंद’ ऐकून चुलत घराण्याचा हिशेब मांडत बसतील.

आता उरलेल्यांचं बघू. सगळे वडीलधारे, त्यामुळे तुम्ही सगळ्यांना ‘अहो’च म्हणणार, आणि इथेच एक खूण हातची जाते. बाबा स्वतः बोलले असते तर ‘माझा मित्र’ आणि ‘माझे मित्र’ एवढ्यावरूनच अंतर कळलं असतं. ‘स्नेही’ तर बहुधा आदरार्थीच येतो; ‘माझा स्नेही’ कोणी सहसा म्हणत नाही. उलट ‘जिवलग’ अरेतुरेत जास्त खुलतो. तुमच्या तोंडी मात्र सगळेच ‘बाबांचे’ होणार, म्हणून जवळीक दाखवायचं काम मागेपुढे लागणाऱ्या शब्दांवर येतं.

त्यातला सगळ्यात उपयोगी फरक प्रत्ययाचा आहे. ‘बँकेतले मित्र’ म्हटलं की मैत्रीला बँकेच्या भिंती पडतात. निवृत्तीनंतर ती उरली की नाही, कळत नाही. ‘बँकेपासूनचे मित्र’ म्हटलं की मैत्री तिथे सुरू झाली आणि पुढे चालत राहिली. शाळेचंही तसंच. आणि ‘एक’ जपून वापरा. ‘हे बाबांचे एक मित्र’ यातला तो ‘एक’ माणसाला दोन पावलं मागे ढकलतो, आणि ज्याला ढकललं त्याच्या ते बरोबर लक्षात येतं.

कमाटी बागेत रोज सकाळी बरोबर फिरणारे काका ‘सोबती’. या शब्दात बरोबर असणं आहे, मनातलं ठाऊक असणं नाही. घरात एकटं असलेल्या माणसाकडे आपण रात्री सोबतीला जातो, तेव्हा गप्पा झाल्याच पाहिजेत असं नसतं. त्यामुळे ‘बाबांचे फिरायला जातानाचे सोबती’ हे नेमकं आणि पुरेसं आहे. नुसतं ‘बाबांचे सोबती’ मात्र उगाच मोठं होतं, जन्माच्या जोडीदाराकडे झुकतं.

सोसायटीच्या कज्ज्यात बाबांच्या बाजूने उभे राहिलेल्यांना साथीदार म्हणू नका. तो शब्द बातम्यांनी पार बिघडवला आहे: चोर पकडला, दोन साथीदार फरार. ‘पाठीराखे’ही नको, कारण पाठ राखणारा वरचढ आणि ज्याची राखली तो दुबळा ठरतो. ‘त्या वेळी बाबांच्या बाजूने उभे राहिले ते हे’ असं सरळ वाक्यच करा.

खरी अडचण येते ती बाबा ज्यांच्यापाशी सगळं बोलतात त्यांची. ‘विश्वासू’ शब्द तयार दिसतो, पण मराठीत विश्वासू नोकर असतो, मुनीम असतो, साहेबांचा माणूस असतो. त्यात वरचा आणि खालचा आहे, बरोबरी नाही. ‘अंतरंग मित्र’ पुस्तकी. ‘जिवाभावाचे’ चालेल, पण त्यातून माया कळते, गुपित राखणं कळत नाही. इथे नाम सोडा आणि क्रियापद धरा: ‘घरात सांगण्याआधी बाबा जे यांना सांगतात, असे हे.’ सभागृह हसेल, आईही हसेल, आणि नातं पक्कं कळेल.

‘जिवलग’ एकालाच द्या, फार तर दोघांना. पाच जणांना दिलात तर पाचही जण नुसते ‘ओळखीचे’ होतात. ‘लंगोटीयार’ बाबांनी म्हणावं. मुलाने व्यासपीठावरून म्हटलं तर आगाऊपणा वाटतो. तुम्ही ‘बालमित्र’ म्हणा.

राहिल्या त्या बाबांच्या वर्गातल्या बाई. त्यांची पाळी आली की लोक गडबडतात आणि ‘परिचित’ म्हणून मोकळे होतात. साठेक वर्षांच्या मैत्रीला तो शब्द फार थंड आहे. ‘या बाबांच्या शाळेपासूनच्या मैत्रीण’ असं स्वच्छ म्हणा आणि लगेच नावापुढे ताई लावा.