नियम येतो का, हे एक शब्द बदलून कळतं

स्पर्धा परीक्षेचा मराठीचा पेपर म्हटला की प्रयोगावरचा प्रश्न आलाच. एक वाक्य देतात आणि खाली कर्तरी, कर्मणी, भावे असे पर्याय देतात. मी आणि माझी मैत्रीण दोघींनीही ते प्रकरण आपापलं वाचून काढलं होतं, सोडवलेली उदाहरणं दोनदा नजरेखालून घातली होती. मग ठरवलं की रोज संध्याकाळी तासभर एकमेकींना प्रश्न विचारायचे.

सुरुवातीला पद्धत अगदी साधी होती. एकीने पुस्तकातलं वाक्य वाचायचं, दुसरीने प्रयोग ओळखायचा. उत्तरं धडाधड बरोबर येत होती, पण त्यात काही दम नव्हता. पुस्तकात कर्तरीची उदाहरणं एका ठिकाणी असतात, कर्मणीची दुसऱ्या ठिकाणी. वाक्य कानावर पडलं की ते कुठल्या पानावर होतं हेच आधी आठवतं आणि उत्तर त्या पानावरून येतं. शिवाय चार पर्यायांतून निवडायचं असलं की अंदाजही चालून जातो. आमचं ठरलेलं उत्तर असं होतं: कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागला आणि कर्म मोकळं असलं तर कर्मणी, कर्मालाही ‘ला’ लागला तर भावे, कर्ता मोकळा असला तर कर्तरी. हे सूत्र बहुतेक वाक्यांना लागू पडतं, म्हणूनच ते फसवं आहे.

मग आम्ही नियम बदलला. पुस्तकातलं वाक्य विचारायचं नाही, प्रश्नकर्तीने स्वतः रचायचं. उत्तर देणारीने नुसतं नाव सांगायचं नाही, तर क्रियापद कुणाच्या तंत्राने चाललंय ते मोठ्याने सांगायचं. त्यानंतर प्रश्नकर्तीने वाक्यातला एकच शब्द बदलायचा आणि विचारायचं, ‘आता क्रियापद बदलेल की नाही?’ उत्तर आधी द्यायचं, वाक्य नंतर पूर्ण म्हणून बघायचं. सगळा फरक या शेवटच्या प्रश्नाने पडला.

मैत्रिणीने पहिल्याच फेरीत वाक्य टाकलं, ‘मी आंबा खाल्ला.’ सूत्राप्रमाणे कर्ता मोकळा आहे, ‘ने’ कुठेच नाही, म्हणजे कर्तरी.

‘बरं, आंब्याऐवजी चिंच घे,’ ती म्हणाली.

‘मी चिंच खाल्ली.’

‘खाणारी तीच ना? मग खाल्लाचं खाल्ली कशामुळे झालं?’

इथे सूत्र मोडलं. कर्ता तोच, कर्म बदललं, आणि क्रियापद कर्माच्या मागे गेलं. म्हणजे हा कर्मणी प्रयोग. ‘मी’चं रूप प्रथमेत आणि तृतीयेत सारखंच दिसतं, म्हणून ‘ने’ शोधत बसलं की दिशाभूल होते. ‘मी’च्या जागी ‘त्याने’ घातलं की लपलेली तृतीया उघडी पडते: ‘त्याने आंबा खाल्ला’, क्रियापद जसंच्या तसं. आता नियम आम्हाला आमच्या शब्दांत सांगता आला: प्रत्यय बघू नका, आधी कर्ता बदलून बघा, मग कर्म बदलून बघा, आणि क्रियापद कुणासाठी हलतं ते पाहा.

मी लगेच उलट प्रश्न टाकला, ‘मग कर्ता “तू” कर.’ ती म्हणाली, ‘तू आंबा खाल्लास.’ ‘आणि चिंच?’ ‘तू चिंच खाल्लीस.’ दोघीही थांबलो. क्रियापद कर्मासाठी तर हललंच, खाल्लाचं खाल्ली झालं. पण ‘तू’ आल्यामुळे शेवटी ‘स’ही चिकटला. ‘तुम्ही’ केलं तर ‘खाल्लात’ आणि ‘खाल्लीत’. म्हणजे दोघांच्याही तंत्राने. हा कर्तृ-कर्म संकर प्रयोग. पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी असतात आणि त्या वाचताना कुणी थांबत नाही. आम्हाला मात्र तो बदलून बदलून सापडला होता, त्यामुळे नाव नंतर पाहिलं तरी तो प्रकार का वेगळा काढावा लागला हे आधीच कळलेलं होतं. एक गोष्ट इथे सांभाळावी लागते. बोलताना आपण ‘तू आंबा खाल्ला’ असंही सर्रास म्हणतो, आणि कान त्याला हरकत घेत नाही. तपासताना लेखी मराठीतलं पूर्ण रूप घ्यायचं, नाहीतर तो ‘स’ हातातून निसटतो.

या पद्धतीत दुसरा धडा नपुंसकलिंगाने दिला. ‘मुलाने पुस्तक वाचले.’ मैत्रीण म्हणाली कर्मणी, आणि ते बरोबरच आहे. पण मी विचारलं, ‘भावे का नाही? भावे प्रयोगातही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनीच असतं. “मुलाने बैलाला मारले” यात “मारले”, इथे “वाचले”. दोन्ही सारखीच दिसतात.’ ती म्हणाली, ‘पुस्तकाला “ला” नाही म्हणून.’ मी म्हटलं, ‘प्रत्ययाचं नाव काढायचं नाही, बदलून दाखव.’ तिने पुस्तकाची कविता केली: ‘मुलाने कविता वाचली.’ क्रियापद हललं. मग बैलाची गाय केली: ‘मुलाने गाईला मारले.’ हललं नाही. अनेकवचन करून ‘बैलांना मारले’ म्हटलं, तरी नाही. मुलाची मुलगी केली, तरी नाही. कर्म नपुंसकलिंगी एकवचनी असलं की नुसत्या रूपावरून कर्मणी आणि भावे वेगळे करता येत नाहीत, हे तेव्हा दोघींच्याही डोक्यात पक्कं बसलं. ‘भावे का नाही?’ हा प्रश्न विचारला नसता तर बरोबर उत्तरावर आम्ही पुढे सरकलो असतो.

म्हणून माझं मत असं झालंय की बरोबर उत्तर आलं तरी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: दुसरा पर्याय का नाही? चुकलेल्या उत्तरावर सगळेच थांबतात. बरोबर उत्तराच्या मागे चुकीचं कारण दडलेलं असतं ते तसंच राहून जातं.

ऐकणारीचं काम बोलणारीपेक्षा अवघड आहे. समोरची अडखळली की तिचं वाक्य आपण पूर्ण करून टाकतो, मान डोलावतो, ‘हो हो, तेच ते’ म्हणतो. त्या क्षणी परीक्षा संपते, कारण राहिलेला भाग आता आपण सांगितलेला असतो. आम्ही ठरवून गप्प बसायला शिकलो. कितीही वेळ गेला तरी बोलायचं नाही. ती स्वतः ‘सोडते’ म्हणाली तरच. आणखी एक बंधन घातलं: समजावताना ‘तृतीयान्त’, ‘सप्रत्यय’ असे शब्द पहिल्या झटक्यात वापरायचे नाहीत. हे शब्द चुकीचे मुळीच नाहीत, पण पाठ केलेली व्याख्या आणि समजलेली गोष्ट त्यांच्या आड सारखीच ऐकू येते. आधी साध्या बोलीत सांगायचं, मग संज्ञा जोडायची. ‘क्रियापद कर्माच्या मागे चालतं’ हे म्हणता आलं की ‘कर्मणी’ हे नाव आपोआप टिकतं.

आणखी एक सूत्रही असंच तपासलं गेलं. ‘भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद म्हणजे कर्मणी’ असं एक सोपं वाक्य बऱ्याच टिपणांत असतं. मैत्रिणीने विचारलं, ‘तो कविता विसरला. भूतकाळ आहे, कर्म आहे. मग?’ ‘कविता’च्या जागी ‘पाठ’ घातला: ‘तो पाठ विसरला.’ क्रियापद जागचं हललं नाही. ‘तो’ची ‘ती’ केली: ‘ती पाठ विसरली.’ हललं. कर्तरीच. ‘शिकणे’ आणि ‘बोलणे’ यांचंही तसंच: ‘ती गणित शिकली’, ‘तो खोटं बोलला’. या क्रियापदांची आम्ही वहीच्या मागच्या पानावर वेगळी ओळ ठेवली आणि नवीन सापडलं की त्यात भर घातली.

‘शिक्षकांनी मुलांना धडा शिकवला’ यावर वाद बराच रंगला. ‘मुलांना’ दिसलं की भावे म्हणायचा मोह होतो. पण धड्याऐवजी कविता घेतली की ‘शिकवली’ होतं, आणि ‘मुलांना’च्या जागी ‘मुलीला’ घातलं तरी काही होत नाही. वाक्यात दोन कर्मं असली तर दोन्ही वेगवेगळी बदलून बघायची. क्रियापद प्रत्यक्ष कर्माच्या, म्हणजे धड्याच्या मागे चाललंय; म्हणून कर्मणी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. बदलून बघितल्याने क्रियापद कसं वागतं ते कळतं, पण त्या वागण्याला व्याकरणात काय म्हणतात ते कळत नाही. संकर प्रयोगाचं नाव आम्हाला पुस्तकातूनच घ्यावं लागलं. दोघींचं एकमत झालं म्हणजे ते खरं ठरतं असंही नाही, म्हणून तास संपताना अडलेली वाक्यं एकत्र लिहून पुस्तकाशी ताडून पाहायची हा वेळ आम्ही कधी कापला नाही. आणि समानार्थी शब्द, म्हणी असल्या गोष्टींना हा खटाटोप लागत नाही. तिथे सरळ विचारायचं, आठवलं की पुढे जायचं.

राहिला प्रश्न कधी विचारायचं याचा. वाचल्या वाचल्या विचारलं तर सगळंच येतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग याच बाबतीत बोलका आहे: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर तपासलं तेव्हा न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. ते वाचल्यावर आम्ही नवीन प्रकरणाचे प्रश्न त्याच संध्याकाळी विचारणं बंद केलं. दोन दिवस मध्ये जाऊ द्यायचे, मग प्रयोग, समास आणि विभक्ती यांची वाक्यं मिसळून विचारायची, म्हणजे कुठला नियम लावायचा हेही ओळखावं लागतं. आठवड्याने तीच अडलेली वाक्यं परत, फक्त कर्ता आणि कर्म वेगळे घेऊन. ‘तू चिंच खाल्लीस’च्या जागी ‘तुम्ही पत्रं लिहिलीत’ आलं तेव्हा मैत्रिणीने आधी ‘पत्र’ एकवचनी करून ‘लिहिलंत’ म्हटलं, मग ‘तुम्ही’चं ‘त्यांनी’ केलं, शेवटचा ‘त’ गेला, आणि त्यानंतरच ती म्हणाली, ‘संकर.’