आमची वाटचाल: सहीसाठी थांबलेली ड्रॉइंग

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कारखान्यांसाठी लो-टेन्शन पॅनेल, म्हणजे वीज वाटणारी लोखंडी कपाटं, बनतात. सुरुवातीला सगळं डिझाइन आमचे एक वरिष्ठ इंजिनिअर करायचे. पुढे चार डिझायनर आले, आणि वरिष्ठांचं काम ड्रॉइंग काढण्याऐवजी निर्णय घेण्याचं झालं. टेबलावरची चळत मात्र वाढतच गेली. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगवर ते कधी आलं आणि कधी हातात घेतलं, हे लिहायला सुरुवात केली. तपासायला पाऊण तास लागत होता. त्याआधी ड्रॉइंग चार-चार दिवस नुसतं पडून राहत होतं.

निर्णय वाटताना आधी अनुभवाची वर्षं पाहिली, ते फसलं. मग चूक निस्तरायला काय पडतं, ते पाहिलं. वायरवरच्या फेरूलचा नंबर किंवा टर्मिनलचा क्रम चुकला, तर वायरमन तासाभरात बदलतो; ते डिझायनरनं कोणालाही न विचारता ठरवायचं. पत्रा पंच झाला, तांबं कापून भोकं पडली, की मागे फिरता येत नाही. म्हणून पॅनेलचं माप, बसबारचा, म्हणजे करंट वाहणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा, छेद आणि शॉर्ट सर्किट क्षमता यांवर कापणीआधी वरिष्ठांची सही हवीच. मधल्या गोष्टी, म्हणजे त्याच मापात बसणारा दुसऱ्या मॉडेलचा मीटर वगैरे, डिझायनर कारणासह एका पानावर लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आक्षेप आला नाही, तर काम पुढे जातं.

सहीची यादीही हळूहळू लहान करायची होती. त्यासाठी वरिष्ठांनी स्वतःच्या डोक्यातलं कागदावर आणायला हवं होतं, आणि खरी मेहनत तिथेच होती. पहिला नियम त्यांनी लिहिला: १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ३५ किलोअँपिअरचा दोष तोडू शकणारा ब्रेकर घ्यावा. उत्तर बरोबर होतं, पण कारण नव्हतं. पुढच्या कामात १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर आणि मध्ये दोन्ही बाजू जोडणारा बस-कपलर होता. डिझायनरनं नियमाप्रमाणे ३५ चाच ब्रेकर लावला. सहीच्या वेळी ते पकडलं गेलं.

हिशेब असा. १००० केव्हीएला ४३३ व्होल्टवर पूर्ण भाराचा करंट सुमारे १३३३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स ५ टक्के, म्हणून शॉर्ट सर्किट झाल्यास दोषाचा करंट याच्या वीसपट, साधारण २६.७ किलोअँपिअर. इम्पीडन्समध्ये दहा टक्के कमी-जास्त चालतं; तो ४.५ टक्के निघाला तर आकडा २९.६ वर जातो. म्हणून २५ चा ब्रेकर नको, ३५ चा पुरतो. पण दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर चालले तर ५३ च्या वर, म्हणजे ५० चाही अपुरा. सगळं एका प्रश्नावर येतं: दोन्ही इनकमर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारे मुख्य ब्रेकर, आणि कपलर एकाच वेळी चालू होऊ शकतात का? तीन कुलपं आणि दोनच किल्ल्या असं इंटरलॉक असेल, तर नाही. त्या ग्राहकाला पुरवठा बदलताना थोडा वेळ समांतर चालवायचं होतं. तो थोडा वेळही दोषाला पुरेसा असतो.

आता नियमाच्या पानावर हा हिशेब आहे आणि खाली एक ओळ: ‘समांतर चालणं, जनरेटर किंवा मोठ्या मोटारी असतील तर हा नियम लागू नाही, विचारा.’ एकट्या ट्रान्सफॉर्मरच्या कामांना त्यामुळे ब्रेकरसाठी सही लागत नाही. पानं साध्या गुजरातीत लिहिली, कारण शेडमधले वायरमनही ती वाचतात.

दुसरी अडचण सवयीची होती. वरिष्ठ ड्रॉइंगवर स्वतःच्या पसंतीचे बदलही लाल पेनानं करायचे. काय चूक आणि काय आवड, हे डिझायनरला कळेना. तो स्वतः ठरवणं सोडून ‘सर, काय करू?’ विचारायला लागला. रांग पुन्हा वाढत असल्याची ही पहिली खूण. मग लाल पेन फक्त चुकीला आणि धोक्याला, बाकी सूचना हिरव्या पेनानं, आणि हिरवं मानायचं की नाही ते डिझायनरच्या हाती. प्रश्न विचारायला येतानाही स्वतःचा एक पर्याय लिहून आणायचा. बऱ्याचदा तो लिहितानाच उत्तर सापडतं.

उष्णतेचा निर्णय मात्र आम्ही अजून कागदावर उतरवलेला नाही. पॅनेलच्या आयईसी ६१४३९ या मानकात इमारतीच्या आत बसणाऱ्या पॅनेलसाठी भोवतालचं तापमान जास्तीत जास्त ४० अंश आणि दिवसाची सरासरी ३५ धरली आहे. वडोदऱ्याचा मे त्यापलीकडे जातो, पत्र्याच्या शेडखाली तर सहजच. मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह असलेल्या बंद पॅनेलमध्ये करंट किती कमी धरायचा, पंखा पुरेल की धुळीनं त्याची जाळीच भरेल, हे त्या जागेवर जाऊन पाहावं लागतं. ती भेट अजून वरिष्ठच देतात, पण डिझायनरला सोबत नेतात आणि मोजमाप त्याच्याकडून करून घेतात.