तुम्ही विचारलंत म्हणून: जनरेटर बसतो तेव्हा

"रिसेप्शनच्या ऐन गर्दीत लाइट गेली तर एवढ्या लोकांना कसं आवरता हो तुम्ही? जनरेटर असतोच की, मग काळजी कसली?"

असतो ना. म्हणूनच बाहेरची लाइट जाणं हा आमच्या लेखी किरकोळ प्रकार. जनरेटरच बसला की मात्र पंचाईत होते.

सांगलीजवळच्या एका लॉनवर हे झालं होतं. मे महिना, संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं आणि लाइट गेली. जनरेटरने लगेच भार उचलला, कोणी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. पंधराएक मिनिटांनी मात्र स्टेज, बुफे, पंखे, साउंड, सगळं एकदम बंद पडलं.

अशा वेळी माणसं बिचकतात ती आवाज तुटल्यामुळे. क्षणभर सामसूम होते, मग सगळे एकदम बोलायला लागतात, आया मुलांना हाका मारतात आणि कोणीतरी उठतं. एक उठला की अख्खी ओळ उठते. म्हणून गेटवर बसवलेल्या सनईवाल्या काकांना मी पाहुण्यांचं स्वागत आटोपलं तरी घरी सोडत नाही. सनई-संबळाला वीज लागत नाही. आमच्या पोराने काकांना हाताला धरून स्टेजच्या पायऱ्यांपाशी आणलं, काकांनी सूर लावला आणि गलका जरा खाली बसला. तेवढ्यात मी बॅटरीवरचा भोंगा घेतला.

"मंडळी, जनरेटरचा स्विच पडलाय, आमचा माणूस तिथे पोचलाय. आहात तिथेच बसा. जेवण गॅसवर आहे, गरम आहे, वाढपी तुमच्या जागेवर येतील."

'घाबरू नका' हे मी कधीच म्हणत नाही. ज्याच्या मनात भीती नसते तोही मग इकडेतिकडे बघायला लागतो. 'दोन मिनिटांत येईल' हेही नाही. तिसऱ्या मिनिटाला लोक गाड्यांकडे निघतात आणि अंधारात गाड्या मागे घेताना चाकापाशी एखादं पोर असू शकतं. त्यापेक्षा लोकांच्या हाताला काम मिळालेलं बरं. वाढपी भात घेऊन ओळीत शिरले की माणूस ताटाकडे बघतो.

टॉर्च घेतलेली आमची पोरं आधी ठरलेल्या जागा धरतात: स्टेजच्या पायऱ्या, तळणीची कढई, पार्किंगचं फाटक. झोत कायम जमिनीवर ठेवायचा. तोंडावर मारला की माणूस आंधळा होतो आणि चिडतो. स्टेजवर फोटोसाठी रांगेत उभ्या असलेल्या आजी-आजोबांना पहिल्यांदा खुर्च्या दिल्या. आहेराच्या पाकिटांच्या पिशवीवर मात्र कोणाला नेमावं लागलं नाही, नवरीच्या आत्या तिच्यावर बसल्याच होत्या.

तिकडे लाइटवाल्या मामांनी काय केलं ते सांगते, कारण लोकांना तेवढाच भाग गूढ वाटतो. इंजिन घरघरत होतं. म्हणजे डिझेल संपलं नव्हतं, पॅनेलचा मुख्य ब्रेकर पडला होता. साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर एका फेजवर साधारण 87 अँपिअर देतो. तीन फेज असतात, म्हणजे वीज तीन वेगळ्या वायरींतून येते, आणि एका फेजवर जादा भार चढला तरी ब्रेकर तिन्ही तोडतो. आमची एकूण वीज त्या जनरेटरच्या आवाक्यातली होती, पण केटररच्या माणसाने कॉफीचं मशिन आणि थंड पेयांचे फ्रीज जवळचा प्लग बघून लावले होते. मंडपवाल्याने फवाऱ्याचे पंखेही तिथेच जोडले होते. नेमकी तीच फेज स्टेजच्या हॅलोजनची निघाली.

मामांनी ब्रेकर तसाच वर केला नाही. तसा केला तर तो पुन्हा पडतो, आणि दुसऱ्यांदा अंधार झाला की लोक भोंग्याचंही ऐकत नाहीत. त्यांनी आधी सगळ्या लाइनी पाडल्या आणि मग एकेक जोडत गेले. सगळ्यात आधी वाटेवरचे आणि बुफेवरचे दिवे, मग साधे पंखे, मग साउंड आणि शेवटी स्टेज. फवाऱ्याचे पंखे आणि फ्रीज दुसऱ्या फेजवर गेले. कॉफीचं मशिन पुन्हा लावलंच नाही, त्यावरून केटरर रात्रभर फुगून होता. मे महिन्यात कॉफी कोण मागतं, हे त्याला मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

आता आम्ही पाहुणे यायच्या आत लॉनवरचं झाडून सगळं चालू करून जनरेटरवर टाकतो, कॉफीच्या मशिनसकट. मामा क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरींचे अँपिअर वाचून दाखवतात. एखादी फेज सत्तरच्या वर दिसली, तर मंडपवाला आणि केटरर दोघांनाही तिथेच उभं करून प्लग बदलायला लावतो.