‘ठीक आहे, पण…’

रविवार, 19 ऑक्टोबर 2025

चकलीची भाजणी डब्यात भरून दुपारी चष्मा लावून बसले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भाडेकरूच्या मेसेजमध्ये ऑगस्टपर्यंत मागे गेले. कारण काल यांनी विषय काढला, "त्याला नोटीस पाठव, हप्त्याचं कबूल करून फिरला." मी म्हटलं, आधी बघू तरी, त्याने नक्की काय कबूल केलं होतं. आणि मी काय कबूल केलं होतं.

माझ्या डोक्यात पक्कं होतं की दहा हजार लगेच आणि बाकीचे हप्त्याने, असं ठरलं होतं. त्यावर मी पैज लावली असती. हरले असते.

आधी हिशोब. फ्लॅटचं भाडं 18,000, डिपॉझिट 50,000, करार अकरा महिन्यांचा, 1 जानेवारी ते 30 नोव्हेंबर. भाडं पाच तारखेच्या आत. मेमध्ये त्याची नोकरी गेली, जून आणि जुलै कोरडे गेले. थकले 36,000.

3 ऑगस्टच्या सकाळी त्याचा मेसेज आहे: "काकू, नवीन जॉब लागला. ऑगस्टपासून रेग्युलर भाडे देतो आणि जुने 36 हजार दरमहा 6 हजार करून सहा महिन्यांत फेडतो. चालेल का?" किती, कधीपासून, किती महिने, सगळं सांगून शेवटी विचारलंय. आधीच्या दोन महिन्यांत तो नुसतं "करतो काकू", "लवकरच काकू" लिहीत होता. त्यात कुठला आकडा नाही, तारीख नाही, म्हणजे त्यात काही प्रस्तावच नव्हता. मी मात्र त्यालाही मनात ‘कबूल केलं’ म्हणून धरत आले होते.

त्यावर मी लिहिलंय: "ठीक आहे, पण आधी 10 हजार दे, मग हप्ते." त्याचं उत्तर: "हो काकू, बघतो", पुढे नमस्काराचे हात. त्याच्या पहिल्या मेसेजवर माझा अंगठाही दिसतोय. तो मी ‘पण’ लिहिण्याआधी दाबला की नंतर, हे मला आठवत नाही आणि फोनही सांगत नाही. मी तर वाचलं एवढ्यासाठीच अंगठा देते. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी येणार नाही म्हणतात, त्यालाही देते.

भाचीला फोन लावला, ती वकिली करते. सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, तुझं ‘ठीक आहे’ हा होकार नाहीच. 1872 च्या करार कायद्याचं कलम 7 म्हणतं, होकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. ‘पण’ घातलास की त्याचा प्रस्ताव बाजूला पडला आणि तुझा नवा प्रस्ताव उभा राहिला. आता त्याचा होकार कुठे आहे ते दाखव." मी म्हटलं, हा काय, "हो काकू, बघतो". ती हसली. "यातला ‘हो’ धरायचा की ‘बघतो’?"

मराठीत ‘बघतो’ म्हणजे काय हे मला तिने सांगायला नको. लग्नाच्या बोलणीत कुणी "बघतो" म्हटलं की आपण चहा पिऊन उठतो.

म्हणजे काहीच ठरलं नव्हतं? मला वाटलं होतं ती हो म्हणेल. पण तिने विचारलं, "पुढे पैसे काय आले?"

म्हणून बँकेचं स्टेटमेंट उघडलं. 9 ऑगस्टला 24,000, शेजारी त्याने लिहिलेली टीप: ‘ऑगस्ट भाडे + 6000 जुने’. मी उत्तर दिलं होतं, "मिळाले, धन्यवाद." 6 सप्टेंबरला पुन्हा 24,000, तशीच टीप. मी पुन्हा "मिळाले". दहा हजारांचा उल्लेख मी पुन्हा एकदाही केलेला नाही. दोन महिने, एक अक्षर नाही.

भाचीचं म्हणणं, इथेच ठरलं. प्रस्तावात जे करायचं म्हटलंय ते करून दाखवलं, किंवा प्रस्तावासोबत समोरच्याने जे देऊ केलं ते आपण घेतलं, की तोही होकारच, ते कलम 8. त्याने आपल्या पहिल्या बोलीप्रमाणे पैसे देऊन तीच बोली पुन्हा पुढे केली, पैसे कशाचे ते लिहून दिले, आणि मी दोनदा कुरकुर न करता घेतले. नुसती गप्प बसले असते तर त्याला होकार म्हणता आला नसता. पण मी गप्प नव्हते, मी पैसे घेऊन धन्यवाद म्हणत होते. दहा हजारांची माझी अट माझ्याच ‘मिळाले’खाली गेली. तो भांडायला उठला तर तुझ्यापेक्षा त्याचे कागद बरे आहेत, असंही ती म्हणाली. भाची आपलीच ना, असं क्षणभर वाटलं.

मग ऑक्टोबर. 14 तारखेला नुसते 18,000. टीप रिकामी, मेसेज नाही. यांनी लगेच म्हटलं, हे जूनमध्ये जमा धर, म्हणजे ऑक्टोबरचं भाडं थकलं आणि नोटीस देता येईल. युक्ती डोकेबाज होती. देणाऱ्याने पैसे कशाचे ते सांगितलं नाही तर घेणारा ते जुन्या देण्यात जिरवू शकतो, हे खरंच आहे. पण परिस्थितीवरूनच ते कशाचे हे कळत असेल तर ही मुभा राहत नाही. भाडं बरोबर 18,000 आणि आले बरोबर 18,000. ते कशाचे आहेत हे आमच्या कामवाल्या मावशीही सांगतील.

म्हणजे आज माझं येणं किती? जुन्या 36,000 मधले 12,000 आले, राहिले 24,000. पण आज मागता येण्याजोगे फक्त ऑक्टोबरच्या हप्त्याचे 6,000. एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम द्यायची, असं कुठेच लिहिलेलं नाही. मी लिहायला हवं होतं. काल रात्री मी त्याला "माझे 24 हजार उद्या दे" असं लिहून ठेवलं होतं, पाठवलं नव्हतं. ते पुसलं.

फोन ठेवता ठेवता भाचीने एक गोष्ट दाखवली, जी आमच्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. हप्ते ऑगस्टपासून सहा, म्हणजे जानेवारीपर्यंत. करार संपतो 30 नोव्हेंबरला. हप्ते जानेवारीपर्यंत मान्य, म्हणजे राहणंही जानेवारीपर्यंत मान्य, असं उद्या तो म्हणू शकतो. नोव्हेंबरचा हप्ता धरून 24,000 फिटतील, उरतील 12,000. ते डिपॉझिटमधून वळते करता येतील, पण तसं आत्ताच लिहून घ्यायला हवं.

संध्याकाळी कणकेचे हात धुऊन त्याला लिहिलं. तीनदा वाचून पाठवलं: "ऑगस्ट, सप्टेंबरचे जुन्यातले 12 हजार मिळाले. ऑक्टोबरचे 6 हजार बाकी. नोव्हेंबरचा हप्ता 5 तारखेपर्यंत. 30 नोव्हेंबरला करार संपतो, हप्त्यांमुळे मुदत वाढलेली नाही. जुन्यातले उरलेले 12 हजार डिपॉझिटमधून वजा करीन. मान्य असेल तर ‘मान्य’ असं लिही." अंगठा चालणार नाही, हेही लिहिणार होते, ते राहू दिलं.

तो दिवाळीला लातूरला गेलाय. दोन निळ्या खुणा तासाभराने आल्या. मग उत्तर.

"मान्य काकू, पण ऑक्टोबरचे 6 हजार 25 तारखेला दिले तर चालतील का?"

मी लिहिलं, "25 तारखेला चालतील. बाकी वर लिहिल्याप्रमाणे."

"मान्य."