पहिल्या दिवशीच्या मेसेजमध्ये आजाराचं नाव

“मॅडम, सिक लीव्हचा मेसेज टाकताना आजाराचं नाव लिहायचं का? नाही लिहिलं तर साहेबांना वाटतं खोटं बोलतोय, आणि लिहिलं तर सगळ्या ऑफिसला कळतं.”

पहिल्या दिवशी लिहू नका. दोन-तीन अपवाद आहेत, ते पुढे सांगते.

मी चाकणच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये आहे. आमची पहिली शिफ्ट सकाळी सातला सुरू होते. पावणेसातला सुपरवायझरच्या फोनवर मेसेज पडतो तेव्हा तो गेटपासून लाईनकडे चालत असतो, आणि त्याला चारच गोष्टी हव्या असतात. हा माणूस आज येणार की नाही, किती दिवस धरून चालायचं, त्याचं आजचं कुठलं काम अडेल, आणि पुढची खबर कधी मिळेल. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आजाराच्या नावात नसतं.

उलट नावामुळे घोटाळाच होतो. क्वालिटीतल्या एका मुलाचं सांगते. सप्टेंबर महिना होता. सोमवारी सकाळी त्याने लिहिलं, “सर, व्हायरल फीवर आहे. डॉक्टरांनी दोन दिवस आराम सांगितलाय. बुधवारी येतो.” यात खोटं काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ताप तपासला, घसा पाहिला, पॅरासिटामॉल दिलं आणि व्हायरल म्हणाले. तापाच्या पहिल्या दिवशी बहुतेक डॉक्टर हेच म्हणतील, कारण तेव्हा रक्तातल्या पेशीही बऱ्याचदा ठीकठाक दिसतात.

मंगळवारी रात्री ताप उतरला. शब्द दिला होता म्हणून बुधवारी तो कामावर आला. पण तो ताप डेंग्यूचा होता, आणि डेंग्यूची खरी मेख इथेच असते. ताप उतरला की माणसाला बरं वाटतं, पण धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपतं, प्लेटलेट्स खाली येतात, पोट दुखतं, उलट्या होतात, बीपी उतरतं. दुपारी तपासणीच्या टेबलाशी उभ्या उभ्या त्याला घाम फुटला आणि तो खाली बसला. आमच्या सिस्टरने बीपी पाहिलं आणि लगेच गाडी काढायला सांगितली. दवाखान्यात प्लेटलेट्स अडतीस हजार निघाल्या. मुलगा बरा झाला, पण त्या बुधवारी त्याने घरी असायला हवं होतं.

मी त्या मेसेजचा पुष्कळ विचार केला. चूक त्या मुलाची नव्हती. आपल्याकडे प्रत्येक आजाराला लोकांच्या मनात एक ठरलेला हिशेब असतो. व्हायरल म्हणजे तीन दिवस, टायफॉइड म्हणजे पंधरा, कावीळ म्हणजे महिना. नाव उच्चारलं की ऐकणारा तारीख काढून मोकळा होतो, आणि सांगणाराही त्या तारखेला बांधला जातो. त्यापेक्षा डोळ्यांना दिसतंय तेवढंच सांगितलं तर कोणी बांधलं जात नाही. त्याने असं लिहायला हवं होतं:

“सर, रात्रीपासून १०२ ताप आहे. आज आणि उद्या येणार नाही. उद्या रक्त तपासून घेतो आणि संध्याकाळी सहापर्यंत पुढचं कळवतो. आज लाईन दोनच्या गेजचं कॅलिब्रेशन होतं, रजिस्टर माझ्या कपाटात वरच्या खणात आहे.”

यात निदान नाही, पण हा मेसेज कोणाला खोटा वाटणार नाही. खरेपणा पटतो तो शेवटच्या ओळीमुळे. ज्याला आपल्या कामाची काळजी आहे, कुठलं रजिस्टर कुठल्या खणात आहे हे जो तापातही सांगतो, त्याच्यावर साहेब संशय घेत नाहीत. लोक नेमकं उलट करतात. किती वेळा उलटी झाली, काय दुखतंय, डॉक्टर काय म्हणाले हे सहा ओळी लिहितात आणि कामाचं एक अक्षर नसतं. असा मेसेज वाचून सुपरवायझर पहिला प्रश्न मला विचारतो, “खरंच आजारी आहे का हो?”

हे सगळं मी एचआरची म्हणून सांगते आहे, पण कळलं ते स्वतःवरून. पूर्वी दुसऱ्या एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. मला नववा आठवडा होता, ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत. दाखल व्हायचं होतं. नवरा पैसे भरायला गेला होता, मी बाकावर बसले होते, मांडीवर ती फाईल. तशात मी मॅनेजरला सगळं लिहिलं. कितवा आठवडा, काय झालं, काय करणार आहेत, सगळं. समोर कोणी नव्हतं आणि हातात फोन होता, म्हणून लिहिलं.

ते माणूस म्हणून चांगले होते. लगेच “काळजी घे” असं उत्तर आलं. मग माझं काम कोणाला तरी द्यायचं म्हणून त्यांनी तो मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवला. ज्यांना पाठवला त्यांनी आणखी कोणाला तरी. मी परत गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर बोलणं थांबायचं. पुढच्याच महिन्यात एका मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, सगळ्यांना बोलावणं होतं, मला वगळलं. मला वाईट वाटू नये म्हणून वगळलं हे मला कळत होतं. तरी घरी येऊन मी रडले, कारण कोणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क माझा होता आणि तो मीच त्या बाकावर देऊन टाकला होता.

आणि एवढं सगळ्यांना कळूनही माझी रजा नैमित्तिक रजेतून आणि अर्जित रजेतून कापली गेली. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम ९ प्रमाणे गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळायची, पुरावा मात्र द्यावा लागायचा. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद ठेवली आहे. माझी बातमी अख्ख्या मजल्यावर पोचली होती, पण डिस्चार्ज कार्ड आणि अर्ज जिथे पोचायला हवे होते तिथे काहीच गेलं नव्हतं. मॅनेजरला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं मी धरून चालले होते.

म्हणून आता कोणी मुलगी अशा वेळी फोन करते तेव्हा मी तिला दोन वाटा वेगळ्या करून देते. मॅनेजरला एवढंच: “सर, तब्येतीच्या कारणाने मला आज दवाखान्यात दाखल व्हावं लागतंय. हा आठवडा येऊ शकणार नाही, पुढचं शुक्रवारी कळवते. कागदपत्रं एचआरकडे देईन.” ग्रुपवर तर फक्त “आज रजेवर आहे.” आजाराचं नाव, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रजेचा खरा प्रकार हे सगळं आमच्याकडे, आणि तेही पहिल्याच दिवशी नाही. पहिल्या दिवशी ‘वैद्यकीय कारण’ लिहिलं म्हणून सहा आठवड्यांचा हक्क जात नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर अर्ज केला तरी चालतो.

एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही रजेचा प्रकार निवडता तो मंजुरी देणाऱ्याला दिसतो, जोडलेला कागदही दिसतो, आणि काही ठिकाणी टीमच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतो. आम्ही अशा रजा आमच्या बाजूने भरतो, मॅनेजरला फक्त तारखा जातात. तुमच्याकडे तसं होतं का ते एचआरला विचारा. सर्टिफिकेटमध्ये आजाराचं नाव असतंच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांतल्या नमुन्यातच त्यासाठी मोकळी जागा ठेवली आहे. आणि नाव नसलं तरी वरचं लेटरहेड बोलतं. मानसोपचारतज्ज्ञांचं लेटरहेड मॅनेजरच्या इनबॉक्समध्ये गेलं की आणखी काही सांगायचं उरत नाही.

याच कारणाने दुसरं काहीतरी नाव ठोकून देऊ नका. नैराश्याचा त्रास असणारे “पोट बिघडलंय” लिहितात, चार दिवसांनी वेगळ्याच डॉक्टरांचा कागद येतो, आणि मग खरी रजाही खोटी दिसायला लागते. “तब्येत बरी नाही, डॉक्टरांकडे जातोय” हे अपुरं असेल, पण खरं आहे आणि शेवटपर्यंत खरंच राहतं.

आता साहेबांचा उलटा प्रश्न येतोच, “काय झालंय?” आपल्याकडे हे विचारणं मायेचं आहे, न विचारणारा माणूस कोरडा वाटतो. “ते खाजगी आहे” असं उत्तर मी कोणाला द्यायला सांगत नाही, ते तोंडावर दार लावल्यासारखं होतं. मी सांगते की त्यांच्या काळजीला उत्तर द्या: “सर, उपचार सुरू झालेत, घरचे सोबत आहेत, काळजी करू नका. शुक्रवारी नक्की फोन करते.” बहुतेकांचं एवढ्यावर समाधान होतं. जे तरीही खोदत राहतात त्यांना “रिपोर्ट आले की एचआरला कळवते” एवढं पुरे, आणि मला सांगा, मी बोलते.

आता अपवाद. तुमच्या आजाराने दुसऱ्याला धोका असेल तर नाव पहिल्याच मेसेजमध्ये हवं. कांजिण्या अंगावर पुरळ उठायच्या दिवस-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणजे तुम्ही काल शेजारी बसला होतात तेव्हाच त्या पसरत होत्या. बाजूच्या टेबलावर गरोदर बाई असेल तर तिला आजच्या आज तिच्या डॉक्टरांना विचारायला हवं. कँटीनमध्ये अन्नाला हात लावणाऱ्यांनी जुलाब, उलट्या, कावीळ, हातावरची पिकलेली जखम हे लपवायचंच नाही.

आणि दुखणं कामावरून आलं असेल तर तेही लपवू नका. ग्राइंडिंगचा एक कामगार रात्री डोळ्यात कण गेलेला घेऊन घरी गेला आणि सकाळी “डोळे आलेत” म्हणून कळवलं, कारण चष्मा लावला नव्हता आणि ओरडा बसेल अशी भीती होती. अपघाताची नोंद वेळेत झाली नाही, आणि ती दुखापत कामावरचीच होती हे ईएसआयला पटवून द्यायला आम्हाला पुढे साक्षीदार शोधत फिरावं लागलं. तिथे “काल रात्री साडेनऊला, तीन नंबरच्या ग्राइंडरवर, उजव्या डोळ्यात कण गेला” हे सगळंच्या सगळं पहिल्या ओळीत हवं होतं.