टाइपफेस ओळखण्याचा सराव, सहावा आठवडा: ‘ओ’ कुठे झुकतो

या आठवड्यात एकच नियम पाळला: फाँटचं नाव झाकायचं, रोमन लिपीतला लहान ‘ओ’ पानभर मोठा छापायचा आणि त्याच्या वळणातल्या सर्वांत बारीक दोन जागा पेन्सिलीने जोडायच्या. वर्गवारीचं निम्मं काम ही रेघच करते.

गॅरामॉन्डच्या ‘ओ’मध्ये बारीक जागा घड्याळातल्या अकरा आणि पाचच्या आसपास येतात, म्हणजे रेघ डावीकडे कलते. हे ओल्ड स्टाइल. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या या अक्षरांचा सांगाडा रुंद टोकाच्या लेखणीतून आलाय. टोक तिरकं धरलं की हात त्या तिरक्या दिशेने जाताना रेघ आपोआप बारीक पडते. (बोरूने गिरवलेल्यांची इथे थोडी गल्लत होते, कारण देवनागरीसाठी टोक उलट्या बाजूने तिरकं कापतात. माझीही पहिले दोन आठवडे झाली.) वाचताना हे अक्षर आपल्याकडे लक्ष वेधत नाही. पान संपल्यावर कळतं की फाँट बघायचाच राहिला.

बास्करव्हिलमध्ये तीच रेघ जवळजवळ उभी होते. जॉन बास्करव्हिलने 1757 मध्ये छापलेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या ग्रंथासाठी गुळगुळीत कागद आणि गडद काळी शाई वापरली. बारीक रेघा खरबरीत कागदावर पसरून जाड व्हायच्या, त्या आता टिकू लागल्या. ट्रान्झिशनल हे नाव मला कधीच आवडलं नाही, जणू काही ते नुसतं मधलं स्टेशन. मला तर हे अक्षर कडक इस्त्री केलेल्या गॅरामॉन्डसारखं वाटतं: ओळख तीच, पण सुरकुती नाही.

खरी फजिती बोडोनीने केली. मॉडर्नची लक्षणं मला पाठ होती: रेघ अगदी बारा ते सहा, जाड-बारीक यांत टोकाचा फरक आणि सेरिफ, म्हणजे खांबाच्या टोकाची आडवी पट्टी, ही काटकोनात चिकटवलेली केसासारखी रेघ, मध्ये वळण नाही. तरीही झाकलेल्या नमुन्यांत बोडोनी मोडा मी ट्रान्झिशनलमध्ये टाकला. सेरिफ चांगल्यापैकी जाड दिसत होत्या.

चूक नमुना तयार करण्यात होती. मी ब्राउझरमध्ये बारीक आकारात मजकूर ठेवला, पान झूम न करता त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि तोच ताणून मोठा केला. या फाँटमध्ये आकारानुसार अक्षराची घडण बदलण्याची सोय आहे. लहान आकारात बारीक रेघा मुद्दाम जाड केलेल्या असतात, नाहीतर त्या दिसेनाशा होतील. ब्राउझर हा बदल आपणहून करतो. म्हणजे मी जे पाहत होतो ते बारीक मजकुरासाठी जाड केलेलं बोडोनी होतं. वर ताणल्यामुळे कडाही धूसर झालेल्या. आता आकार मोठा ठेवतो आणि घडणही स्वतः ठरवतो:

```css
font-size: 300px;
font-variation-settings: "opsz" 96;
```

96 च्या जागी 6 घालून दोन्ही शेजारी ठेवून पाहा. सेरिफची जाडी डोळ्यांदेखत बदलते, पण ‘ओ’ची रेघ उभीच राहते. म्हणून माझा क्रम आता ठरलाय: आधी रेघेचा कल, मग सेरिफचा सांधा, जाड-बारीक फरक सगळ्यात शेवटी. फरक आकारावर अवलंबून असतो, कल सहसा नसतो.

मोठ्या घडणीतलं हे बोडोनी मथळ्यात राजबिंडं दिसतं. तेच परिच्छेदात लावलं की आडव्या जोडरेघा विरतात, फक्त उभे खांब उरतात आणि कुंपणाच्या फटींतून बघत चालल्यासारखं डोळ्यांपुढे लकाकतं.

स्लॅबचं फार सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींना दुरून दिसणारी अक्षरं हवी होती, म्हणून सेरिफ खांबाइतक्या जाड झाल्या. रॉकवेलच्या ‘ओ’वर रेघ ओढायला गेलो तर बारीक जागाच नीट सापडेना. तीच त्याची खूण. अपवाद 1845 च्या क्लॅरेंडनचा: सेरिफ दणकट, पण सांध्यात वळण आणि जाड-बारीक फरकही स्पष्ट. ते मी स्लॅबमध्येच ठेवलंय, वेगळा कप्पा करून.

टाइम्स न्यू रोमन अजून टेबलावर पडलाय. फरक ठळक, सेरिफ टोकदार, त्यामुळे बहुतेक याद्यांत ट्रान्झिशनल. पण ‘ओ’ची रेघ स्पष्ट डावीकडे कलते. 1932 चा हा फाँट बेतताना प्लँटिन नावाचा ओल्ड स्टाइल टाइप समोर होता, म्हणजे कल तिथून आलेला. माझ्या क्रमाने तो ओल्ड स्टाइलमध्ये जातो. पुढच्या वेळी त्याचा ‘ई’ आणि ‘एन’ मोठे छापून प्लँटिनशेजारी ठेवतो, मग चिठ्ठी चिकटवतो.