दोडक्याचे पाच भाग आणि मृगाची घाई : आमची वाटचाल

सोलापुरात होटगी रोडला आमचं कुंड्या आणि रोपांचं छोटं दुकान होतं. २०२० साली ते बंद ठेवावं लागलं, तेव्हा भाच्याने मोबाईल हातात घेऊन गच्चीवरच्या कुंड्यांचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. आज दुकान आहेच, पण घर चालतं ते चॅनलमुळे. नेमकं सांगायचं तर चॅनल बघून आमच्याकडून बी आणि कुंड्या नेणाऱ्या लोकांमुळे. जाहिरातीचे पैसे येतात, पण त्यांच्या भरवशावर कॅमेराही घेता आला नसता.

सुरुवातीला आम्ही इतरांसारखंच करायचो. जूनमध्ये दोडका लावायचा, वाढेल तसं शूट करायचं आणि ऑगस्टमध्ये तोडणी दाखवायची. तोडणीचा व्हिडिओ जोरात चालायचा. मांडवाला लोंबणारे दोडके बघून फोन यायचे, "ताई, ह्याचंच बी पाठवा." पण तोवर खरिपाची लावणी उरकलेली असायची. ज्या दिवशी माणसाला बी घ्यावंसं वाटतं त्या दिवशी ते लावायची वेळ टळलेली असते, अशी ही गाठ होती. पाकीट पाठवलं तरी ते कपाटात पडून राहणार आणि पुढच्या वर्षी उगवलं नाही की नाव आमचं खराब होणार.

यावर उपाय दोडक्यानेच दिला. दोडका वर्षातून दोनदा लागतो, उन्हाळी जानेवारी-फेब्रुवारीत आणि पावसाळी जून-जुलैत. मग उन्हाळी पीक शूटसाठी घ्यायचं आणि पावसाळी लावणीच्या तोंडावर ते दाखवायचं असं ठरवलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बी पडतं. उगवायला पाच ते सात दिवस, मार्चच्या मध्याला नर फुलं, महिनाअखेरीस मादी फुलं आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तोडणी. उरलेल्या एप्रिलमध्ये एडिटिंग. मे महिन्यात दर आठवड्याला एक भाग टाकायचा आणि पाचवा, तोडणीचा भाग मृग निघायच्या आठवडाभर आधी. त्या भागाखालच्या लिंकवरून बी मागवलं तर ते घरी पोचेपर्यंत पावसाची पहिली सर आलेली असते.

सगळ्यात जास्त विचार पहिली कुंडी भरायच्या आधी करावा लागतो. वेलाची वाढ आम्ही रोज एक फोटो काढून आणि ते एकामागोमाग जोडून दाखवतो. दोडक्याचा वेल दहा-बारा फूट सहज जातो. रोप वीतभर असताना कॅमेरा लावला तर महिन्याभरात वेल फ्रेमच्या बाहेर जातो आणि मग कॅमेरा हलवला की आधीचे फोटो जुळत नाहीत. म्हणून आम्ही आधी रिकामा मांडव फ्रेममध्ये बसवतो. खाली कुंडी, वर नायलॉनची जाळी, मागे पांढरी भिंत. नुसत्या मातीच्या कुंडीवर एवढा मोठा रिकामा मांडव बघून भाच्याचे मित्र हसतात. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी गच्चीच्या फरशीवर ऑइलपेंटचे ठिपके आहेत. कुंडीच्या काठावर खिळ्याने एक रेघ ओढलेली असते. कुंडी हलवावी लागली तर ती रेघ पुन्हा कॅमेऱ्याकडे यायला हवी. रोज सकाळी सातला एक फोटो, तोही पाणी घालण्याआधी. पाणी पडलं की पानं तासाभरात वर उचलतात, आणि एक दिवस आधी, एक दिवस नंतर असे फोटो घेतले की व्हिडिओत वेल दचकल्यासारखा दिसतो.

उगवणीचं काम मात्र गच्चीवर होत नाही. ते आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, एकाच एलईडी दिव्याखाली होतं, कारण उजेड बदलला की व्हिडिओ लुकलुकतो. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही हाताने लावून लॉक करायचे. दर पाच मिनिटांनी एक फोटो म्हणजे दिवसाचे २८८, पाच दिवसांत १,४४०. सेकंदाला २४ फोटो या वेगाने त्याचा बरोबर एक मिनिटाचा व्हिडिओ होतो. कॅमेऱ्यात डमी बॅटरी घालून तो आणि दिवा दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवले आहेत. लाईट गेली तर पंखा बंद पडला तरी चालेल, दिवा नाही.

एकाच रोपावर दोन महिन्यांची मदार ठेवणं धोक्याचं आहे. रोप दोन पानांचं असतं तेव्हाच तांबडे भुंगेरे येतात आणि एका सकाळीत पानांची चाळण करतात. म्हणून एका वेळी चार कुंड्या भरतो आणि दहा दिवसांनी आणखी दोन. पहिल्या चारांतली जी सरस वाढते ती मुख्य. उरलेल्या पडल्या-झडल्याला. एखादं दृश्य मुख्य वेलावर हुकलं तर मागच्या लावणीतल्या वेलावर ते दहा दिवसांनी पुन्हा मिळतं. पण ते वापरताना पडद्यावर "ही दुसरी कुंडी" असं लिहितोच. नुसता करमणुकीचा व्हिडिओ असता तर कदाचित चाललं असतं. आम्ही बी विकतो, आणि अमुक दिवसांत फळ येतं असं बघून लोक पाकीट घेतात. दोन वेलांचे दिवस एकत्र शिवले तर ती सरळसरळ फसवणूक आहे.

आता फुलाची गोष्ट. बरेच वेल सकाळी फुलतात, दोडका संध्याकाळी फुलतो. घोसाळं सकाळी उमलतं, त्यामुळे दोन्ही लावणाऱ्यांचाही गोंधळ होतो. मार्चअखेरीस सोलापुरात साडेसहाच्या पुढे सूर्य मावळतो आणि साधारण त्याच सुमाराला फूल उघडतं, म्हणजे नेमका उजेड जाताना. दुपारी कळीच्या टोकाला पिवळा रंग डोकावला की ती त्याच संध्याकाळी उमलणार हे नक्की समजायचं. मग पाच वाजताच तिच्यावर सावली करून एलईडी पॅनल लावायचा, म्हणजे सूर्य गेला तरी उजेड तोच राहतो. दर पाच सेकंदांनी एक फोटो, तीन तास. त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ होतो. आमच्या मालिकेत सगळ्यात जास्त वेळा मागे नेऊन बघितला जातो तो हाच तुकडा.

फोनवरची सगळ्यात नेहमीची तक्रार याच फुलांची असते. अक्कलकोटच्या एका काकूंनी तर रागानेच विचारलं होतं, "नुसतीच फुलं येताहेत, एक फळ धरंना झालंय. बी कसलं दिलं ओ?" त्यांना फुलाचा मागून फोटो काढून पाठवायला सांगितलं. सगळी नर फुलं होती, झुपक्यात. वेल आधी नर फुलंच देतो. मादी फूल एकटं येतं आणि त्याच्या मागे बोटाएवढा, शिरा असलेला इवलासा दोडका असतो. उन्हाळा कडक आणि दिवस मोठा असेल तर नर फुलं आणखी वाढतात. म्हणून तिसऱ्या भागात आम्ही स्पष्ट सांगतो की हे उन्हाळी वेलाचे दिवस आहेत, पावसाळ्यात थोडा फरक पडेल. त्याच भागात हाताने परागीकरण दाखवतो. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे ओढायच्या आणि पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचे, तेही संध्याकाळीच. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीवर पतंग-माश्या फारशा फिरकत नाहीत, तिथे हे करावंच लागतं. दोन-तीन दिवसांत इवला दोडका फुगला तर जमलं, पिवळा पडून वाळला तर परागीकरण झालं नाही. फुगत असतानाच वाकडा होऊन सडला तर फळमाशीने डंख मारला असं समजायचं.

बी आम्ही कंपनीकडून मोठ्या पिशवीत घेतो आणि छोट्या पाकिटात भरतो. त्यासाठी कृषी विभागाचा परवाना लागतो आणि पाकिटावर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख छापावी लागते. एप्रिलमध्ये प्रत्येक लॉटच्या शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो. पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची चौदाव्या. दोडक्याला किमान ६० टक्के उगवण चालते, पण दहा बियांच्या पाकिटातल्या चार उगवल्या नाहीत तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून ८० च्या खालचा लॉट आम्ही परत करतो. भरलेली पाकिटं सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तपासणीला काही अर्थ उरत नाही. ती घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, डब्यात सिलिका जेलसह असतात.

एका पन्नास रुपयांच्या पाकिटावर कुरिअर त्याहून जास्त लागतं. म्हणून मालिकेसोबत पाच वेलभाज्यांचा संच असतो, सुटं पाकीट फक्त दुकानात. कुंडीचं गणित वेगळं. लोकांना व्हिडिओत दिसली तीच कुंडी हवी असते. पण पंधरा इंची मातीची कुंडी कुरिअरने धड पोचत नाही, म्हणून ती सोलापुरातच विकतो आणि बाहेरगावी ग्रो बॅग पाठवतो. मुख्य वेल मातीच्या कुंडीत आणि दुसरा ग्रो बॅगेत अशी जोडी आम्ही मुद्दाम फ्रेममध्ये ठेवतो. मातीची कुंडी उन्हाळ्यात लवकर कोरडी पडते, ग्रो बॅग ओल धरते पण उन्हात तापते. नळाला पाणी रोज येत नाही अशा गावात हा फरक बोलून सांगण्यापेक्षा दाखवलेला बरा.

मातीच्या कुंड्यांचं वेळापत्रक आमच्या हातात नाही. कुंभार वेशीतले काका संक्रांतीपर्यंत सुगडांत गुंतलेले असतात, मार्चपासून माठांत, आणि पाऊस सुरू झाला की कच्चा माल वाळत नाही. जूनला लागणाऱ्या कुंड्या संक्रांतीनंतरच्या त्या थोड्या आठवड्यांतच भाजून घ्याव्या लागतात. म्हणजे व्हिडिओ शूट व्हायच्या आधीच माल गोदामात आणि पैसे अडकलेले. ते सुटेपर्यंत मेथी, कोथिंबीर, माठाची भाजी असे महिन्याभरात संपणारे व्हिडिओ चॅनल चालू ठेवतात.

सध्या डोक्याला ताप पावट्याचा आहे. पावट्याचे आपल्याकडचे जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत. उन्हाळ्यात लावला तर वेल गच्चीभर पसरेल, फूल मात्र दिसणार नाही. त्यामुळे दोडक्याची युक्ती इथे चालत नाही. या हिवाळ्यात शूट करून सगळे भाग पुढच्या जुलैपर्यंत राखून ठेवायचे असं ठरलंय. भाचा म्हणतो, तोवर हार्ड डिस्कमध्ये पडून राहणाऱ्या व्हिडिओचा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा? मी सध्या तो पुढच्या वर्षीच्या पावट्याच्या पाकिटांवर लिहून ठेवला आहे.